हक्का नूडल्सचा गोळा का होतो?

हा भाग ऐकताना किंवा वाचताना तुमच्या ओट्यावर हक्का नूडल्सचं पाकीट पडलेलं असेल, तर ते अजून फोडू नका. आधी माझी फजिती ऐका.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी घरून छोट्या ऑर्डर्स घ्यायला नुकतीच सुरुवात केली होती. इडल्या, कटलेट, पावभाजी, असलं काहीबाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नातवाचा वाढदिवस होता आणि त्यांनी मला २० प्लेट हक्का नूडल्स सांगितल्या. मला वाटलं, नूडल्स काय, उकळायच्या आणि परतायच्या! दुपारी २ वाजता सगळ्या पाकिटांमधल्या नूडल्स एकाच मोठ्या पातेल्यात उकळल्या, चाळणीत ओतल्या, वर झाकण ठेवलं आणि भाज्या चिरायला बसले. संध्याकाळी झाकण उघडलं तर आत चाळणीच्या आकाराचा एक केक. खरंच सांगते, उलटा केला तर अख्खा निघाला असता.

तो मी कढईत घालून उलथण्यानं फोडला. फोडता फोडता नूडल्सचे बोटभर तुकडे झाले आणि मधे मधे गोळे तसेच राहिले. काकू काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पातेलं परत द्यायला आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पोरांनी केकच जास्त खाल्ला गं." पातेल्यात अर्ध्याहून जास्त नूडल्स तशाच होत्या. मी पैसे परत केले. पण खरं सांगायचं तर पैशांपेक्षा ते वाक्य जास्त लागलं.

तर आजचा भाग त्या गोळ्याबद्दल. पण आधी एक स्पष्ट करते. मी बोलतेय ते आपल्याकडे किराणा दुकानात मिळणाऱ्या वाळलेल्या, मैद्याच्या हक्का नूडल्सबद्दल. 'हक्का' हे नाव कोलकात्याच्या टांगरा भागात वसलेल्या हक्का चिनी लोकांवरून आलंय, आणि आपण गाडीवर खातो ते चायनीज मूळचं तिकडचंच. दोन मिनिटांच्या इन्स्टंट नूडल्स किंवा तांदळाच्या पांढऱ्या नूडल्स यांची गोष्ट वेगळी आहे, त्यांना ही वेळापत्रकं लावू नका.

आता मुळात चिकटतं काय? मैद्यात स्टार्च असतं, म्हणजे पिठूळपणा. गरम पाण्यात ते फुगतं आणि त्यातलं थोडं बाहेर येऊन नूडलच्या अंगावर पातळ थरासारखं बसतं. लहानपणी पतंगाला कागद चिकटवायला आपण मैद्याची खळ करायचो ना? अगदी तीच खळ. गरम असताना ती बुळबुळीत असते, थंड झाली की घट्ट धरते. माझ्या चाळणीत नेमकं हेच झालं होतं. प्रत्येक नूडलला खळ लावलेली, वर एकमेकींचं वजन, झाकणामुळे आत वाफ, आणि मग सगळं सावकाश थंड होत गेलं. मी नकळत नूडल्स चिकटवायचीच सोय केली होती.

म्हणजे आपलं काम काय? खळ कमी तयार होऊ द्यायची, झालेली धुवून टाकायची, उरलेलीवर तेलाचा पडदा टाकायचा, आणि शेवटी कढईत ती पुन्हा ओली होऊ द्यायची नाही. या चारच गोष्टी आहेत. एकेक घेऊ.

पहिली गोष्ट, उकळणं.

पाणी भरपूर लागतं. १५० ग्रॅमच्या एका पाकिटाला मी कमीत कमी दीड लिटर पाणी घेते. पाणी कमी असलं की त्यात सुटलेलं स्टार्च दाट होतं आणि नूडल्स पेजेत शिजल्यासारख्या होतात. पाणी खळखळून उकळलं की त्यात दीड चमचा मीठ घालायचं आणि नूडल्सची वडी न मोडता तशीच सोडायची. पहिलं मिनिटभर ती कडक असते, तेव्हा तिला डिवचू नका, तुकडे पडतात. मिनिटभरानं ती सैल व्हायला लागते. तेव्हा काट्याचा चमचा घेऊन वडीचे थर हलकेच सुटे करायचे. हे चुकलं तर आतले थर एकमेकांना चिकटूनच शिजतात आणि पुढे काहीही केलं तरी सुटत नाहीत.

आता वेळ. पाकिटावर जी वेळ छापलेली असते ती नुसत्या उकडून खायच्या नूडल्सची समजा. आपल्याला त्या अजून कढईत शिजवायच्यात. माझ्या पाकिटावर ५ मिनिटं लिहिलेली असतात, मी ४ मिनिटांनी काढते. पण घड्याळापेक्षा दातावर विश्वास ठेवा. साडेतीन मिनिटं झाली की एक नूडल उचला, गार पाण्यात बुडवा आणि दातानं तोडून तिचा तुटलेला भाग बघा. मधोमध अगदी बारीक पांढरा ठिपका दिसला पाहिजे, सुईच्या टोकाएवढा. ठिपका मोठा असेल तर अजून अर्धं मिनिट. ठिपका अजिबात नसेल, तर मंडळी, उशीर झालाय, लगेच गॅस बंद करा. कारण जास्त शिजलेल्या नूडलचं बाहेरचं अंग फुटतं आणि आतलं स्टार्चही बाहेर येतं. मग धुऊन धुऊन किती धुणार?

बरेच जण उकळत्या पाण्यात तेल घालतात. माझी आईसुद्धा घालायची. तेल पाण्यावर तरंगतं आणि नूडल्स असतात खाली, त्यामुळे शिजताना त्यांना ते लागतच नाही. ओतताना थोडंफार लागलं तर लागलं. पाणी उतू जाऊ नये एवढ्यापुरता त्याचा उपयोग आहे. ते तेल नंतरसाठी ठेवा.

दुसरी गोष्ट, गार पाणी.

नूडल्स चाळणीत ओतल्या की त्या क्षणी शिजणं थांबत नाही. आतली उष्णता त्यांना शिजवत राहते. म्हणून चाळणी थेट नळाखाली धरायची. इथे दोन कामं एकदम होतात. शिजणं थांबतं आणि अंगावरची खळ धुतली जाते. फक्त वरून पाणी सोडून भागत नाही, कारण वरच्या नूडल्स धुतल्या जातात आणि चाळणीच्या पोटातल्या गरमच राहतात. हात घाला, बोटांनी नूडल्स खालून वर उचला, जसे आपण तांदूळ धुतो तसं. चाळणीखाली एखादं भांडं ठेवून पाणी बघा. सुरुवातीला दुधासारखं गढूळ येतं. ते जवळपास स्वच्छ यायला लागलं आणि मधल्या नूडल्सही हाताला गार लागल्या की झालं. एका पाकिटाला साधारण मिनिटभर पुरतं. उन्हाळ्यात टाकीचं पाणीच कोमट येतं, तेव्हा शेवटी फ्रीजमधलं तांब्याभर पाणी ओता.

आणि यानंतरची पायरी जवळजवळ सगळे विसरतात. निथळणं.

मी एकदा वजनकाट्यावर बघितलं. एका पाकिटाच्या नूडल्स धुऊन चाळणीतून लगेच काढल्या तेव्हाचं वजन आणि त्याच २० मिनिटं पसरून ठेवल्यावरचं वजन, यात साधारण ४० ग्रॅमचा फरक आला. म्हणजे जवळपास तीन मोठे चमचे पाणी नूडल्सच्या अंगावर नुसतं बसलेलं होतं. हे पाणी कढईत काय घोळ घालतं ते मी पुढे सांगते. आत्ता एवढंच लक्षात ठेवा की चाळणी दोन-चारदा जोरात झटकायची, मग नूडल्स परातीत किंवा स्वच्छ सुती पंचावर पातळ पसरायच्या आणि पंख्याखाली १५-२० मिनिटं ठेवायच्या. ढीग करायचा नाही. झाकण तर अजिबात नाही!

तिसरी गोष्ट, तेल.

तेल निथळल्यानंतरच लावायचं. ओल्या नूडलवर तेल टाकलं तर खाली पाण्याचा थर असतो, तेल त्यावरून घसरून परातीच्या तळाशी जातं. नूडल्स वरून कोरड्या वाटायला लागल्या, म्हणजे हात लावला तर गार आहेत पण बोटं ओली होत नाहीत, की एका पाकिटाला एक छोटा चमचा तेल. पोह्याला तेल-मीठ चोळतो तसं, पण चोळायचं नाही, बोटं पसरून नूडल्स उचलायच्या आणि सोडायच्या. सगळ्या नूडल्सवर हलकी चमक आली की थांबा.

"एवढंसं तेल? दोन पळ्या घातल्या तर अजून सुट्या होतील की." मीपण हेच करून बघितलंय. सुट्या होतात, पण मग सोया सॉस नूडल्सना धरतच नाही. सगळा सॉस कढईच्या तळाशी आणि वर नूडल्स पांढऱ्याफटक. खाताना तोंडाला तेलकट थर येतो तो वेगळाच. तेल घाणीचं शेंगदाण्याचं नको, त्याचा वास सगळ्यावर चढतो. साधं रिफाइंड चालतं.

इथपर्यंतचं काम तुम्ही सकाळी करून ठेवू शकता. तेल लावलेल्या नूडल्स पसरट डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. गार नूडल कढईत कमी तुटते, त्यामुळे ते चांगलंच. मात्र रात्रभर ओट्यावर ठेवू नका. शिजलेला मैदा बाहेर ठेवला की भातासारखाच खराब होतो, आणि तो वासावरून कळेलच असं नाही.

आता चौथी गोष्ट, कढई. माझं डोकं इथे सगळ्यात उशिरा उघडलं.

वरच्या तिन्ही गोष्टी नीट केल्यानंतरही माझ्या नूडल्स कढईत गेल्या की मऊ पडायच्या, चिकटायच्या. स्टेशनजवळ एका चायनीजच्या गाडीवर मी नेहमी जाते. तिथल्या दादांना शेवटी विचारलंच. "दादा, माझ्या नूडल्स कढईत गेल्या की चिकट होतात, असं का?" त्यांनी हात न थांबवता उलट विचारलं, "ताई, आवाज कसा येतो?" मला काही कळेना. मग म्हणाले, "नूडल टाकली की चर्र झालं पाहिजे. बुडबुड आवाज आला तर तुम्ही ती परतत नाही, उकडताय."

घरी येऊन मी कान देऊन ऐकलं. पाच सेकंद चर्र, आणि मग बुडबुड.

असं का होतं बघा. पाण्याची वाफ करायला प्रचंड उष्णता लागते. आपल्या घरच्या गॅसच्या मोठ्या बर्नरवर, कढई तापलेली धरली तरी, १०० मिली पाणी आटवायला दोन-तीन मिनिटं जातात. मी एका वेळी तीन पाकिटांच्या नूडल्स नीट न निथळता कढईत ओतत होते. मघाचा हिशोब लावा. प्रत्येक पाकिटाला ४० ग्रॅम, म्हणजे तिघांचं १२० ग्रॅम पाणी. वर कोबी आणि सिमला मिरचीचं सुटणारं पाणी वेगळंच. म्हणजे पहिली तीन मिनिटं माझा गॅस नूडल्स परततच नव्हता, नुसतं पाणी आटवत होता. तेवढ्या वेळात नूडल्स वाफेत अजून शिजत होत्या आणि नवी खळ सोडत होत्या. गाडीवरच्या भट्टीची आग आपल्या गॅसच्या कितीतरी पट असते, तिथे तेवढं पाणी बघता बघता उडून जातं. म्हणून दादा एकदम चार प्लेट टाकू शकतात आणि आपण नाही. आपल्या हातात एवढंच आहे की कढईत पाणी कमी न्यायचं आणि माल कमी टाकायचा.

तर घरच्या गॅसवर एका वेळी एकच पाकीट, म्हणजे दोन प्लेट. हा नियम मी मोडत नाही.

कढई लोखंडी घ्या, पातळ ॲल्युमिनियमची नको. नूडल्स पडल्या की ती लगेच गार होते. नॉनस्टिक तर या कामासाठी नकोच, कारण ती रिकामी एवढी तापवायची नसते, तिचा थर खराब होतो. लोखंडी कढई मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला तर तो तिथेच न बसता मोत्यासारखा पळाला पाहिजे. खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, थोडा धूर होणारच. मग एक मोठा चमचा तेल घालून कढई फिरवा, म्हणजे तेल कडांनाही लागेल.

आधी लसूण, पाच-दहा सेकंद. मग भाज्या, दीड मिनिट. भाज्या धुऊन पुसून कोरड्या केलेल्या हव्यात आणि त्यात मीठ आत्ता घालायचं नाही, मीठ लागलं की कोबी पाणी सोडतो. दीड मिनिटानं भाज्या ताटात काढून घ्या. हो, बाहेर काढा. कढई पुन्हा अर्धा मिनिट तापू द्या, एक छोटा चमचा तेल घाला आणि आता नूडल्स. त्या कढईभर पसरा आणि २० सेकंद हात लावू नका. मोह होतो, पण नकोच. तळाच्या नूडल्सना किंचित कोरडा पापुद्रा धरला की त्या आपोआप कढई सोडतात. आधीच खरवडलंत तर तुटतात आणि तुटलेल्या टोकांतून पुन्हा चिकटपणा येतो.

हलवायला चिमटा किंवा दोन लाकडी चमचे वापरा आणि खालून उचलून वर सोडा. उलथण्यानं दाबायचं नाही. असं दोन-तीनदा केलं की भाज्या परत घाला. सोया सॉस एक मोठा चमचा, व्हिनेगर एक छोटा चमचा. हे नूडल्सच्या डोक्यावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडायचं. कडेला लागताच त्यातलं पाणी उडतं आणि सॉसला तो गाडीवरचा भाजका वास येतो. मीठ, मिरपूड, पातीचा कांदा, अर्धं मिनिट, बंद. नूडल्स कढईत एकूण दोन, फार तर अडीच मिनिटं.

आणि एवढं करूनही गोळा झालाच तर? दोन प्रकार असतात. नूडल्स बरोबर शिजलेल्या आहेत पण थंड होऊन चिकटल्यात, तर त्यांच्यावर कडकडीत गरम पाणी ओता, काट्यानं सुट्या करा, लगेच गार पाणी, पुन्हा निथळवा, पुन्हा तेल. थोड्या मऊ होतील पण वाचतील. दुसरा प्रकार म्हणजे जास्त शिजलेल्या, बोटानं दाबली की चेपते अशा. त्या सुट्या होणार नाहीत, हट्ट सोडा. तव्यावर तेल टाकून त्या धिरड्यासारख्या जाड थापा, दोन्ही बाजूंनी कुरकुरीत करा आणि वर रस्सेदार मंचुरियन घाला. इथे चिकटपणाच कामाला येतो.

आता काकूंकडे परत जाते. या जानेवारीत त्याच काकू जिन्यात भेटल्या. नातवाचा वाढदिवस पुन्हा आला होता. म्हणाल्या, "या वेळी नूडल्स जमतील का गं, की पावभाजीच करतेस?" त्या अगदी सहज विचारत होत्या, पण माझ्या पोटात गोळा आला. तोंडातून निघून गेलं, "जमतील काकू."

२० प्लेट म्हणजे १० पाकिटं. सकाळी मोठ्या पातेल्यात ५ लिटर पाणी घेतलं आणि एका वेळी तीनच पाकिटं टाकली. दोन घाणे झाले की पाणी गढूळ झालेलं असतं, ते बदललं. असे चार घाणे. प्रत्येक घाणा लगेच धुतला, दोन पराती आणि एका जुन्या सुती चादरीवर पसरला, तेल लावलं, पसरट डब्यांत फ्रीजमध्ये. ११ वाजता हे काम संपलं. संध्याकाळी साडेपाचला कढई चढवली. दोन-दोन प्लेटचे दहा घाणे, कढई परत तापवण्यासकट प्रत्येकी पाच-सहा मिनिटं, म्हणजे तास गेला. आईनं बाजूला भाज्या मोजून वाट्यांमध्ये लावून ठेवल्या होत्या, नाहीतर एकटीला झालं नसतं.

एक गोष्ट मी मागच्या वेळच्या झाकणावरून शिकले होते. गरम नूडल्स बंद डब्यात भरल्या की त्यांच्याच वाफेनं भिजतात. म्हणून प्रत्येक घाणा आधी परातीत पसरून पाच मिनिटं वाफ जाऊ दिली, मग पसरट ट्रेमध्ये भरला आणि वर झाकणाऐवजी सैलसर फॉइल, एका कडेला उघडी. पहिल्या घाण्याच्या नूडल्स तोवर कोमट झाल्या होत्या, ते मी काकूंना आधीच सांगितलं. दहा घाण्यांत सगळंच वाफाळतं देणं घरच्या एका कढईवर शक्य नाही. कुणी ४० प्लेट मागितल्या तर मी नाही म्हणते, किंवा अजून एक कढई आणि अजून एक माणूस असेल तरच हो म्हणते.

रात्री साडेनऊला काकूंचा नातू ट्रे परत घेऊन आला. ट्रे रिकामा होता, कोपऱ्यात थोडा कोबी चिकटलेला. तो म्हणाला, "ताई, आजीनं विचारलंय, अजून आहेत का?"

नव्हत्या. आम्ही दोघींनी त्या रात्री वरणभात खाल्ला.

चला, या आठवड्यात करून बघा, आणि पहिल्यांदा एकाच पाकिटावर करा. नूडल्स कढईत पडल्या की मोबाईलवरचं गाणं बंद करून आवाज ऐका. चर्र की बुडबुड, ते मला कमेंटमध्ये कळवा. भेटू पुढच्या भागात.